तिच्या घरी जाऊ तर काय म्हणू?

ताई, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीपासून थोडं आत आहे. माझ्या लहानपणच्या मैत्रिणीचं साक्षगंध डिसेंबरात झालं, लग्न २६ एप्रिलचं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. तीन आठवडे राहिले असताना मुलाकडच्यांनी मध्यस्थाच्या फोनवरून नकार कळवला. गावात कोणी म्हणते हे कारण, कोणी म्हणते ते. आज पाच दिवस झाले, मी तिच्या घरी गेलीच नाही. काय बोलावं समजत नाही. फोन केला, तिनं उचलला नाही. मग "जे होते ते चांगल्यासाठीच होते" असा मेसेज टाकला. तिनं पाहिला, पण उत्तर नाही. मी चुकली का? आता जाऊ तर काय म्हणू?
— तिची मैत्रीण

पोरी, आजच जा. दिवस कलल्यावर जा, म्हणजे चहाच्या वेळी सपरीत जमणाऱ्या बाया घरी गेलेल्या असतील. जाताना काही नेऊ नकोस. मिठाई नको, फळंही नकोत, कारण पिशवी हातात घेऊन आलेला माणूस भेटीला आलेला पाहुणा वाटतो आणि पाहुण्यासमोर तिला तोंड धुऊन, केस नीट करून बसावं लागतं.

आत गेल्यावर म्हणायचं वाक्य एवढंच: "मले समजलं. मी आली." बस. ती रडली तर रडू दे, बोलली नाही तर तूही गप्प राहा. ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली असेल तर तिथंच खाली बस. पहिल्या भेटीत अर्धा तास पुरतो. उठताना "काही लागलं तर सांग" असं म्हणू नकोस, कारण काय लागतं ते ठरवायचं काम त्या वाक्यानं तिच्याच अंगावर पडतं. "उद्या याच वेळी येते" असं म्हण आणि दुसऱ्या दिवशी खरंच जा.

त्या मेसेजबद्दल विचारलंस. हो, चूक झाली, पण ती मोठी नाही, दुरुस्त होण्यासारखी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कधीतरी सहज सांगून टाक, "तो मेसेज मी घाईत टाकला, मले तसं वाटत नाही." त्यावर माफी मागत बसू नकोस. माफी मागितली की तुझी समजूत काढायची पाळी तिच्यावर येते, आणि आज तिच्यात तेवढं बळ नाही.

ते वाक्य का टोचतं, ते जरा थांबून सांगते. साक्षगंधापासून एप्रिलपर्यंत चार महिने झाले. आपल्याकडे आता साक्षगंध झालं की मुलगा-मुलगी रोज रात्री फोनवर बोलतात. शेतात कोणतं पीक आहे, सासूला कोणती भाजी आवडते, कूलर कोणत्या खोलीत लावायचा, इथपर्यंत बोलणं गेलेलं असतं. म्हणजे तुझ्या मैत्रिणीचं नुसतं लग्न मोडलं नाही, रोज रात्री साडेनऊला बोलणारं एक माणूस एका दिवसात नाहीसं झालं. "चांगल्यासाठीच झालं" म्हटलं की त्या माणसाची आठवण येणंसुद्धा वेडेपणा ठरतो. "बरं झालं, आधीच समजलं", "तुले याच्यापेक्षा चांगला भेटन", "देवानंच वाचवलं" ही सगळी त्याच जातीची वाक्यं. यातलं एखादं पुढे खरंही ठरेल. पण ते म्हणायचा हक्क तिचा आहे, आणि तिला जेव्हा म्हणावंसं वाटेल तेव्हाच.

याच कारणासाठी त्या मुलाला शिव्या घालू नकोस. तुला वाटेल, आपण तिच्या बाजूनं आहोत हे त्यातून दिसतं. पण "तो तसलाच होता" असं तू म्हणालीस की "मले त्याची आठवण येते" हे वाक्य ती तुझ्यासमोर कधीच बोलणार नाही. शिवाय मोडलेली सोयरीक पुन्हा जुळल्याचीही उदाहरणं आहेत. तसं झालं तर तुझ्या तोंडचे शब्द तिच्या लक्षात राहतील आणि मग ती तुलाच टाळेल.

आता कारणाबद्दल. तू पत्रात कारण विचारलं नाहीस, पण गावात काय काय बोललं जातंय ते तुझ्या कानावर आहे, आणि तुलाही जाणून घ्यावंसं वाटत असणार. ते साहजिक आहे. तरीही विचारू नकोस. विचारणं वाईट दिसतं म्हणून नव्हे. नकार असा मध्यस्थाच्या फोनवरून येतो, तेव्हा बहुतेक वेळा मुलीला खरं कारण माहीतच नसतं. पत्रिका जुळत नाही, मुलाला आणखी दोन वर्षं थांबायचं आहे, घरात कोणी आजारी आहे, असं काहीतरी मऊ सांगून फोन ठेवला जातो. मग जेवढ्या बाया येऊन "कसं काय मोडलं वो?" विचारतात, तेवढ्या वेळा तिला डोक्यातून एक कारण शोधून काढावं लागतं. आणि माणूस अशा वेळी शोधतो ते कारण स्वतःतलंच असतं. रंग, उंची, शिक्षण, त्या दिवशी फोनवर जरा चिडून बोललेलं एखादं वाक्य. दहा जणींनी विचारलं तर ती दहादा स्वतःलाच दोषी धरते. "तुले आधी काहीच जाणवलं नाही का?" हा तर प्रश्नच नाही, तो सरळ ठपका आहे.

तिनं होऊन विषय काढला तर मात्र ऐक. मध्ये "मग?" एवढंच म्हण. ती अर्ध्यात थांबली तर उरलेलं खोदून काढू नकोस. आणि दोन गोष्टी पक्क्या ठेव. तिनं सांगितलेलं तुझ्या माहेरी-सासरी, कुठेच जायचं नाही. आणि "लोक असं असं म्हणतात" हे गावातलं बोलणं तिच्यापर्यंत न्यायचं नाही, तिच्या भल्यासाठी म्हणूनही नाही.

कोणी मेलं तर आपल्याला काय करायचं ते पाठ असतं. शेजारचे भाकर-भाजी आणतात, लोक येऊन नुसते बसून जातात, मग तेरवी होते. दुःखाला दिवस ठरवून दिलेले असतात. मोडलेल्या लग्नाला यातलं काहीच नाही. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९८० च्या दशकाच्या शेवटी अशा दुःखावर लिहिलं: समाज ज्याला दुःख म्हणून मानतच नाही, ज्याचा दुखवटा कोणी पाळत नाही. असं दुःख एकट्यानंच, लपून करावं लागतं. तुझी मैत्रीण आज तिथंच आहे. म्हणून तिला शब्दांपेक्षा रोज येणारं माणूस हवं आहे.

पण रोज जायचं तर काही निमित्त लागतं, नाहीतर दोघी समोरासमोर बसून अवघडून जाता. आमच्याकडे या दिवसांत गव्हाच्या कुरड्या होतात, तुमच्याकडेही होत असतील. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर बसू द्यायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे वरचं पाणी ओतून तो आधणाच्या पाण्यात घोटून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. चीक थंड झाला की सोऱ्या फिरत नाही, तार तुटते. म्हणून हे एकटीचं काम नाही, एकीनं भरायचं आणि दुसरीनं पाडायचं. बघ, पाच दिवस त्यात सहज निघतात. तिला म्हण, "मी गहू भिजवले, मले एकटीनं होत नाही, ये." हात कामात असले आणि नजर समोरच्या ताटावर असली की जे बोलणं समोरासमोर बसून निघत नाही ते आपोआप निघतं. न निघालं तरी निदान कुरड्या होतात. एक मात्र पाहा. त्यांच्या घरी लग्नाच्या कुरड्या-शेवया आधीच करून डब्यात भरल्या असतील, आणि त्या डब्यांवर रोज तिची नजर जात असेल. म्हणून हे काम तुझ्या घरी कर, तिच्या घरी नको. ती घराबाहेर पडायला तयार नसेल तर कुरड्या सोड, तिच्याच अंगणात तांदूळ निवडायला बस.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. माझ्या मावसबहिणीचं लग्न एकोणीस दिवसांवर मोडलं होतं. आम्ही नातेवाईक सगळे धावून गेलो, आणि सगळ्यांनी मिळून तिला बोलून बोलून थकवलं. मीही त्यात होते. खरा उपयोग झाला तो तिच्या एका मैत्रिणीचा. ती फार बोलकी नव्हती. दुसऱ्या दिवशी आली आणि मावशीला म्हणाली, "काकू, पत्रिकेची वही द्या." ज्या वहीत कुणाकुणाला पत्रिका गेली ते लिहिलेलं असतं, ती वही. सव्वाशेच्या वर घरं होती. ती आणि मावसबहिणीचा भाऊ, दोघं दोन संध्याकाळ शेजारच्या घरी बसून फोन करत राहिले. मुद्दाम शेजारच्या घरी, म्हणजे बोलणं तिच्या कानावर पडू नये. प्रत्येक फोनवर एकच वाक्य होतं, कारण प्रत्येक वेळी नवीन वाक्य शोधायला गेलं की जास्तीचं बोललं जातं: "अमुक तारखेचं लग्न होत नाही आहे, तुमची गैरसोय होऊ नये म्हणून कळवतो." पलीकडून "काहून बाप्पा?" आलंच. त्यावर उत्तर ठरलेलं: "एवढंच कळवायला फोन केला. घरी कोणी बोलायच्या मनःस्थितीत नाही, तुम्ही त्यांना फोन करू नका, एवढी विनंती आहे." पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच. फोन झाला की वहीतल्या नावापुढे पेन्सिलनं बारीक टिंब. नाव खोडायचं नाही, कारण ती वही पुढेमागे कुणाच्या तरी हाती पडणारच होती, आणि पानंच्या पानं खोडलेली नावं तिनं पाहायला नको होती.

ही तीनशे-चारशे उत्तरं त्या दोघांनी दिली नसती तर पुढचा महिनाभर ती माझ्या मावसबहिणीलाच द्यावी लागली असती, कधी दळण आणताना, कधी बस स्टँडवर. तुला हे जमण्यासारखं आहे. पण तिच्या आईला किंवा भावाला विचारूनच कर, परस्पर कोणाला फोन लावू नकोस. मंडप, आचारी, बँड यांना दिलेला इसार परत मागणं हे घरच्या मोठ्यांचं काम, त्यात तू पडू नकोस.

त्याच मैत्रिणीनं आणखी एक काम केलं, ते आम्हा कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बस्त्यातल्या साड्यांवरचे सहा ब्लाउज शिवायला टाकले होते. ते तयार झाले की शिवणारी बाई मुलीलाच फोन करणार, आणि मुलीनं तिथं जाऊन ते घालून पाहायचे. ही जाऊन पैसे देऊन ब्लाउज घेऊन आली आणि स्वतःच्या कपाटात ठेवून दिले. कोणालाही सांगितलं नाही. पोळ्याच्या वेळी मावसबहिणीनंच तिला विचारलं, "माझे ब्लाउज तुह्याकडंच हायेत ना?" तेव्हा तिनं काढून दिले. तुझ्या मैत्रिणीचंही असं काही असेल. शिंप्याकडचं, मेहंदीवालीकडचं, पार्लरमध्ये दिलेली तारीख, रुखवतासाठी तुम्हीच दोघींनी मिळून केलेलं काहीतरी. ते काय आहे हे घरच्यांपेक्षा तुला जास्त माहीत आहे. त्यातलं जे तिला बोलावेल, तिला दारात उभं करील, ते गुपचूप तू उरकून टाक.

तिच्या आईबद्दल थोडंसं. ती बाई आता दोन आघाड्यांवर आहे. ती तुला बाजूला घेऊन म्हणेल, "तिच्या मनात काय आहे ते तू विचारून सांग." हे काम घेऊ नकोस. "काकू, ती बोलली तर मी ऐकते, पण तिचं मी सांगणार नाही" असं सरळ म्हण. राग आला तरी दोन दिवसांत जातो. आणि काही घरांत एक घाई होते: मांडव ठरलेला आहे, तारीख आहे, नात्यातला दुसरा मुलगा पाहून त्याच तारखेला उरकून टाकू. असं कानावर आलं तर एकदा, दोघीच असताना, तिला विचार, "तुले पाहिजे का हे?" ती नाही म्हणाली तर ते नाही घरात बोलायला तिच्या शेजारी बस. हा प्रश्न तिला घरातलं कोणी विचारलंच नसेल, अशी दाट शक्यता असते.

नकारामागे पैशाची, गाडीची, सोन्याची मागणी होती असं तिनं किंवा तिच्या घरच्यांनी स्वतः सांगितलं, तरच पुढचं सांग. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात हुंडा मागणं हाच गुन्हा आहे, लग्न झालेलं असायला हवं असं नाही. तक्रार करायची की नाही हे घर ठरवेल. पण रागाच्या भरात तिनं त्याचे मेसेज आणि कॉल रेकॉर्डिंग पुसून टाकू नयेत एवढं तू पाहा. ते पुन्हा वाचणं तिला सहन होत नसेल तर भावाच्या फोनवर पाठवून ठेवायचे.

आता जे लिहिते ते नीट वाच, कारण आपण विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या घरांत राहतो. "माझ्यामुळं बापाचं नाक कापलं", "मी नसती तर बरं झालं असतं" असं ती बोलली, जेवण-झोप पार सुटली, किंवा इतके दिवस रडणारी एकदम शांत होऊन आपल्या वस्तू बहिणीला देऊ लागली, तर तिला सरळ विचार, "जीव द्यायचे विचार येतात का तुले?" विचारल्यानं ते डोक्यात भरतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं होत नाही. उलट ज्याच्या मनात ते चाललेलं असतं त्याला कोणीतरी विचारल्यानं मोकळं वाटतं. ती हो म्हणाली, नुसती मान हलवली, तरी तिला एकटं सोडू नकोस. आणि इथं गुपित पाळायचं नाही. तिच्या घरातल्या समजदार माणसाला त्याच दिवशी सांग.

मग कोठ्यात, न्हाणीच्या वरच्या फळीवर, गेल्या हंगामातली फवारणीची किंवा तणनाशकाची उरलेली बाटली आहे का ते पाहायला लाव. ती घरातून हलवायचीच, शेतातल्या कुलूपबंद खोलीत किंवा दुसऱ्याच्या घरी. तो विचार पुष्कळदा थोड्या वेळापुरताच जोरात येतो, आणि त्या वेळी बाटली हाताशी आहे की नाही यावर सगळं अवलंबून असतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा नंबर १४४१६ आहे, फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. ती बोलायला तयार नसेल तर आधी तू फोन कर आणि काय करायचं ते विचार. देव न करो, पण कुणी काही घेतलंच तर उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही. १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठायचा, आणि ती बाटली लेबलासकट सोबत न्यायची, कारण औषध कोणतं त्यावर डॉक्टरांचा उपचार ठरतो.

राहिली २६ तारीख. घरातले सगळे त्या दिवसाचं नाव काढणार नाहीत, जणू ती तारीख कॅलेंडरात नाहीच. तिच्या डोक्यात मात्र २५ ची हळद आणि २६ चा मुहूर्त तासातासानं चालू असेल. म्हणून २० च्या आसपास तूच विचार, "त्या दोन दिवसांत इथं राहायचं का कुठं जायचं?" मामाच्या गावी जाता येईल, माहूरला जाऊन रेणुकेचं दर्शन घेऊन येता येईल. तिला जायचं नसेल तर आग्रह धरू नकोस. ती घरीच राहते म्हणाली तर आपल्या घरी सांगून ठेव आणि २५ च्या संध्याकाळपासून तिच्याकडे झोपायला जा. लग्नाचे दिवस आहेत, त्या रात्री गावात नाहीतर शेजारच्या गावात कोणाचा तरी डीजे वाजणारच, आणि उकाड्यात तुम्ही गच्चीवर झोपलेल्या असाल तर तो स्पष्ट ऐकू येईल. तेव्हा काही बोलायची गरज नाही. खाली जाऊन झोपायचं का, तेवढं तिला विचार.